ठिबकणारा नळ : बिघाड वायसरचा, कार्ट्रिजचा की जाळीचा? खान्देशातल्या घरांसाठी प्रश्नोत्तरं

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातले लोक आमच्या हार्डवेअरच्या दुकानात येऊन सहसा थेट वस्तू मागतात. "वायसर द्या", "कार्ट्रिज द्या", "नाहीतर नळच द्या." बिघाड नेमका कुठे आहे हे घरीच पाहून आलेला माणूस क्वचित दिसतो. त्यामुळे चांगला भाग फेकला जातो, खराब भाग आतच राहतो आणि थेंब पडायचा तो पडतोच. म्हणून या पानावर दुरुस्तीइतकीच जागा बिघाड ओळखायला दिली आहे.

नळ न खोलता बिघाड कशाचा ते कळतं का?

बऱ्याच वेळा कळतं. त्यासाठी थेंब कुठून पडतो आणि किती वेळ पडतो, या दोन गोष्टी बघाव्या लागतात.

नळ नेहमीसारखा बंद करा, जोर लावू नका. तोटीचं टोक कोरड्या फडक्याने पुसा, खाली ग्लास ठेवा आणि घड्याळ बघा. पहिल्या मिनिटात भराभर थेंब पडले, मग त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं आणि दहा-पंधरा मिनिटांत ते थांबले, तर नळ आतून नीट बंद होतोय. तोटीत उरलेलं पाणी तेवढं उतरत असतं. अशा वेळी संशय बहुतेकदा तोटीच्या टोकाला बसवलेल्या जाळीवर घ्यायचा. अर्ध्या तासानंतरही थेंब त्याच लयीत पडत असेल, तर पाणी आतून येतंय. मग दोष वायसरचा किंवा कार्ट्रिजचा.

आता जाळीच्या आतून थेंब येतो की जाळीच्या कडेने, तेही बघा. कडेने, म्हणजे जाळीची रिंग तोटीला जिथे आट्यांवर बसते तिथून पाणी ओघळत असेल आणि तेही फक्त नळ चालू असताना, तर जाळीच्या आतली रबरी रिंग चपटी झालेली असते किंवा जाळी तिरकी बसलेली असते. पाणी चाकीच्या किंवा दांड्याच्या बुडातून येत असेल तर तो वेगळा बिघाड, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : जाळी पाणी अडवत नाही. धारेत हवा मिसळणं आणि धार एकसंध ठेवणं एवढंच तिचं काम. नळ रात्रभर ठिबकत असेल तर जाळी कितीही घासली तरी उपयोग नाही. उलट धार बारीक झाली, वाकडी पडू लागली, शिंतोडे उडू लागले, तर नव्वद टक्के लोक ज्याच्यावर संशय घेतात त्या कार्ट्रिजला हात लावायच्या आधी जाळी काढून बघावी.

माझा नळ वायसरचा आहे की कार्ट्रिजचा?

चाकी फिरवून बघा. पूर्ण उघडायला दोन-तीन वेढे द्यावे लागतात आणि बंद करताना शेवटी काहीतरी मऊ दाबल्यासारखं लागतं, तो वायसरचा नळ. अंगणातले, मोरीतले जुने पितळी बिब कॉक आणि बरेचसे प्लॅस्टिकचे नळ याच जातीचे. पाव वेढ्यात, म्हणजे नव्वद अंशांत, उघडतो-मिटतो आणि शेवटी टणक थांबतो, तो कार्ट्रिजचा. एकाच दांड्याने गरम-थंड दोन्ही चालणारा मिक्सरही कार्ट्रिजवरच चालतो, पण त्याचं कार्ट्रिज वेगळं आणि मोठं असतं.

फरक आतल्या रचनेचा आहे. वायसरच्या नळात चाकीला जोडलेला दांडा, म्हणजे स्पिंडल, खाली उतरतो आणि रबराची चकती पितळेच्या गोल कडेवर दाबून धरतो. त्या कडेला सीट म्हणतात. कार्ट्रिजमध्ये सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की जशा चिकटून बसतात, तशा या चकत्या बसतात. त्यांची भोकं जुळली की पाणी येतं, सरकली की बंद. इथे दाबायचं काहीच नसतं. म्हणून कार्ट्रिजचा नळ जोर लावून बंद केल्याने थेंब थांबत नाही, उलट चकती चिरण्याची किंवा दांड्याचे दाते झिजण्याची भीती असते. वायसरच्या नळात मात्र जोर लावला की थेंब काही दिवस थांबतो, आणि तिथेच माणूस फसतो, कारण घट्ट दाबलेला वायसर आणखी लवकर कापला जातो.

नवीन कार्ट्रिज टाकलं तरी सिंकचा नळ ठिबकतो. कार्ट्रिज डुप्लिकेट निघालं का?

असेलही, पण आधी हा प्रसंग वाचा. अमळनेरच्या एका काकूंचा स्वयंपाकघरातला उंच वाकड्या मानेचा सिंक कॉक ठिबकत होता. मुलाने कार्ट्रिज बदललं. दोन दिवसांनी काकू जुनं आणि नवीन दोन्ही घेऊन दुकानात आल्या. "भाऊ, हेही तसंच निघालं. भांडी घासून झाली की टपटप सुरूच."

जुनं कार्ट्रिज हातात घेतलं तर दांडा मऊ फिरत होता, दोन्ही बाजूंना स्वच्छ थांबत होता, खालचा रबर शाबूत होता. ते खराब दिसतच नव्हतं. मग त्यांना विचारलं, सकाळी उठल्यावर, रात्रभर कोणी नळाला हात लावलेला नसताना, थेंब पडत असतो का? त्या म्हणाल्या, "नाही हो. सकाळी सिंक कोरडं असतं. वापरलं की मागून पडतं."

उत्तर तिथेच मिळालं. रात्रभरात सिंक कोरडं राहतं याचा अर्थ नळ पूर्ण बंद होतो. वाकड्या मानेच्या नळात बंद केल्यावर उतरत्या भागात चमचा-दोन चमचे पाणी राहतं. जाळी स्वच्छ असेल तर ते लगेच पडून जातं, कारण खालून हवा वर शिरते आणि पाण्याला वाट मिळते. काकूंच्या जाळीची अर्ध्याहून जास्त भोकं पांढऱ्या क्षाराने बुजलेली होती. हवेला वर जायला जागा नाही, पाण्याला खाली यायला जागा नाही, मग ते पाणी पाच-सात मिनिटं एकेक थेंब गळत राहायचं.

घरी करायची खात्री सोपी आहे, तीच त्यांना सांगितली. जाळी काढायची, नळ मिनिटभर सोडून बंद करायचा. पाणी एका झटक्यात पडून गेलं आणि तोटी कोरडी राहिली, तर जाळी दोषी. जाळी नसतानाही अर्ध्या तासाने थेंब चालूच, तर कार्ट्रिज दोषी. त्यांच्या घरी पहिली गोष्ट घडली. जाळी लिंबूसत्वात धुतली, जुनं कार्ट्रिज परत बसवलं, नवीन आम्ही परत घेतलं.

कार्ट्रिजसाठी पैसे मोजण्याआधी ही जाळी काढून बघायची चाचणी प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. तिला दहा मिनिटं लागतात आणि खर्च काहीच येत नाही.

जाळी काढायची आणि साफ करायची कशी?

तोटीच्या टोकाला दिसणारी गोल रिंग हाताने फिरते का बघा. खालून वर बघताना ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटते. क्षाराने जाम झाली असेल तर फडकं गुंडाळून पक्कड लावा, नाहीतर क्रोमवर कायमचे ओरखडे येतात. तरीही सुटली नाही तर कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवा, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोटीच्या टोकाला अर्धा तास रबराने बांधून ठेवा आणि मग फिरवा. काही नव्या नळांत जाळी तोटीच्या आत लपलेली असते, तिला रिंगच दिसत नाही. ती काढायला नळाच्या खोक्यात दातेरी प्लॅस्टिकची चावी आलेली असते. म्हणून ते खोकं फेकू नका.

जाळी सुटली की आतले तुकडे ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने मांडा आणि मोबाईलवर एक फोटो काढा. रबरी रिंग, बारीक जाळ्या, प्लॅस्टिकची चकती, यांचा क्रम चुकला की धार फाटते. एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व घाला, किंवा साधं पांढरं व्हिनेगर घ्या, आणि तुकडे अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. बुडबुडे येताना दिसतील, तो क्षार विरघळतोय. मग जुन्या टूथब्रशने घासा आणि उजेडाकडे धरून बघा. भोकं मोकळी दिसली पाहिजेत. सुईने टोचून भोकं मोठी करू नका, धार वाकडी होते.

बाथरूम धुवायचं ॲसिड जाळीला किंवा नळाला कधीही लावू नका. त्याने क्षार झटकन जातो हे खरं, पण क्रोमचा मुलामा जातो आणि खालचं पितळही खाल्लं जातं. आणि त्याच जागी ब्लीचिंग पावडर वापरलेली असेल तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

जाळी परत लावताना आधी नळ जाळीशिवाय अर्धा मिनिट जोरात सोडा, म्हणजे मागचा गाळ निघून जाईल. मग जाळी हाताने घट्ट करा. पक्कड लागत नाही.

खान्देशातच नळांना एवढा त्रास का?

दोन कारणं दिसतात, आणि दोन्ही पाण्याशी जोडलेली आहेत.

पहिलं, बोअरचं पाणी. आपल्याकडे कितीतरी घरांत पिण्याला नगरपालिकेचं आणि वापरायला बोअरचं, अशी विभागणी असते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे IS 10500 मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलं जातं. भांड्यांवर, बादलीच्या कडेला, नळाच्या बुडाशी पांढरा थर साचतो तो याच क्षारांचा. नळातला प्रत्येक थेंब वाळताना थोडा क्षार मागे ठेवून जातो. म्हणजे ठिबकणारा नळ स्वतःच स्वतःवर थर चढवत असतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. गरम पाण्यातून क्षार आणखी लवकर बसतो आणि रबराचं वायसरही लवकर कडक होतं.

दुसरं कारण म्हणजे तुटक पाणीपुरवठा. बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही. मधल्या दिवसांत पाइप रिकामा राहतो, त्यात गंज आणि गाळ सुटतो, आणि पाणी आलं की पहिल्या झोतात तो सगळा नळाकडे ढकलला जातो. वाळूचा एक कण सिरॅमिकच्या चकत्यांत अडकला की तिथून पाण्याला वाट मिळते. वायसरवर कण बसला की सीटवर रेघ उमटते. म्हणून थेट लाइनवरच्या नळाला जाळी न लावलेलीच बरी, आणि पाणी आल्यावर पहिली अर्धी बादली वेगळी काढून झाडांना घालावी.

दुरुस्तीआधी पाणी बंद कसं करायचं? आमच्याकडे कॉकच जाम आहे.

सिंक किंवा बेसिनच्या खाली अँगल कॉक असेल तर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बंद करा. नसेल तर गच्चीवर टाकीच्या बुडाशी असलेला व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. हे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं कोणी हलवत नाही, क्षाराने ते जाम होतात. पाइप पाना लावून जोराने फिरवू नका. पितळी गेट व्हॉल्व्हचा दांडा आत तुटतो आणि प्लॅस्टिकच्या बॉल व्हॉल्व्हचं हँडल हातात येतं. मग नळाची दुरुस्ती बाजूला राहते आणि टाकीचं पाणी गच्चीवर वाहतं. थोडं पुढे, थोडं मागे, असं हळूहळू हलवा. सुटला तर ठीक, नाहीतर टाकी रिकामी होत आलेली असताना काम काढा.

अंगणातला नळ थेट नगरपालिकेच्या लाइनवर असेल तर पाणी न येण्याच्या दिवशी काम करणं सोयीचं, कारण लाइनमध्ये दाब नसतो. पण त्यात एक अडचण आहे : काम बरोबर झालं की नाही हे पाणी येईपर्यंत कळत नाही, आणि पाणी पहाटे आलं तर धावपळ होते. म्हणून अर्ध्या इंचाचा एक प्लग आणि टेफ्लॉन टेप घरात आणून ठेवा. वेळ पडली तर नळ काढून प्लग मारता येतो.

पाणी बंद केल्यावर नळ उघडून दाब सोडा, सिंकच्या जाळीवर फडकं टाका. स्क्रू तिथूनच आत जातात.

वायसर बदलायचं कसं?

चाकीच्या डोक्यावरची टोपी पेचकसाने उचला, आतला स्क्रू काढा, चाकी वर ओढा. चाकी निघत नसेल तर तिच्याखाली दोन बाजूंनी आळीपाळीने हलका दाब द्या, एका बाजूने उपटू नका. मग षटकोनी भागावर स्क्रू पाना लावून तो उलट दिशेने फिरवा. हे करताना दुसऱ्या हाताने किंवा दुसऱ्या पान्याने नळाचं अंग धरून ठेवा, नाहीतर भिंतीतला जोड हलतो आणि गळती भिंतीत सुरू होते.

स्पिंडल बाहेर आला की त्याच्या खालच्या टोकाला वायसर दिसेल, कधी छोट्या नटने धरलेलं, कधी नुसतं खुंटीवर बसवलेलं. त्याच्याकडे जरा वेळ बघा. मधोमध खोल गोल खाच पडली असेल तर ते घट्ट दाबून वापरलेलं आहे. एका बाजूला तिरपी चीर असेल तर सीटवर काहीतरी रुतलेलं आहे. नखाने दाबून ते दगडासारखं लागलं तर रबर वाळलेलं आहे.

जुनं वायसर दुकानात घेऊन जा. "अर्ध्या इंची" एवढं सांगून भागत नाही, कारण त्याच मापाच्या नळांत वायसरचा व्यास आणि जाडी थोडी वेगळी असते. जाड वायसर टाकलं तर नळ पूर्ण उघडत नाही, लहान टाकलं तर कडेने पाणी सुटतं. नवीन वायसर सपाट बसवा, नट हाताने घट्ट करून वर जरासा पाना लावा. वायसर फुगून वाकेल इतका नाही. स्पिंडलच्या आट्यांना नळांसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं तर चाकी मऊ फिरते. मोटारसायकलचं ग्रीस लावू नका. त्याने रबर फुगतं आणि पिण्याच्या पाण्यात ते नकोच.

नवीन वायसर टाकलं, महिनाभरात पुन्हा ठिबकायला लागलं. का?

सीट खराब आहे. स्पिंडल काढलेला असताना टॉर्च मारून आत बघा. मधल्या भोकाभोवती पितळेची उंच गोल कड दिसते. करंगळी पोचत असेल तर तिच्यावरून हळूच फिरवा. पोचत नसेल तर काडीला कापूस गुंडाळून फिरवा. कापसाचा धागा कुठे अडकला तर तिथे खाच आहे. ही खाच एकदा पडली की त्या बारीक फटीतून जोरात जाणारं पाणी आणि त्यातली रेती तिला दिवसेंदिवस खोल करतात. नवीन वायसर त्या खाचेवर दाबलं जातं, कापलं जातं आणि पुन्हा तीच गोष्ट.

हलकी खाच असेल तर सीट घासायचं हत्यार मिळतं. त्याचा दातेरी चपटा भाग सीटवर टेकवून, सरळ धरून, हलक्या हाताने दोन-चार वेढे दिले की कड सपाट होते. जास्त घासलं तर कडच संपते. हे हत्यार सगळ्या दुकानांत नसतं, प्लंबरकडे मिळण्याची शक्यता जास्त. कानशीने किंवा सँडपेपरने हे काम होत नाही, कारण कड एकसारखी राहिली पाहिजे. खोल खाच असेल तर नळ बदला. त्यावर आणखी वायसर घालत बसणं म्हणजे पैसे आणि पाणी दोन्ही घालवणं.

कार्ट्रिज कसं काढायचं आणि दुकानात काय सांगायचं?

पाव वेढ्याच्या नळात चाकीची टोपी काढा, स्क्रू काढा, चाकी ओढा. काही नळांत स्क्रू बाजूने असतो आणि त्याला अ‍ॅलन की लागते, तो लाल-निळ्या टिकलीखाली लपलेला असतो. आतलं पितळी कार्ट्रिज पान्याने उलट फिरवून काढा. एका दांड्याच्या मिक्सरमध्ये दांड्याखालची गोल टोपी आणि मग एक मोठा नट काढला की कार्ट्रिज सरळ वर येतं.

दुकानात कार्ट्रिजच घेऊन जा, फोटो पुरत नाही. मापं जुळायला हवीत ती अशी : एकूण उंची, आट्यांची जाडी, वरच्या दांड्यावरच्या दात्यांची संख्या, आणि बंद करायची दिशा. दोन चाकींच्या नळात गरम आणि थंड बाजूची कार्ट्रिजं पुष्कळदा उलट दिशेने फिरतात, चुकीचं आणलं तर दांडा उलटा चालतो. मिक्सरच्या कार्ट्रिजचा व्यास मोजा, 35 आणि 40 मिलिमीटर ही दोन मापं जास्त चालतात. दिसायला दोन्ही सारखीच, पण एकाच्या जागी दुसरं बसत नाही.

बसवण्याआधीचं काम महत्त्वाचं. नळाच्या अंगात जिथे कार्ट्रिजचं रबर टेकतं ती जागा फडक्याने पुसा, क्षाराचे खडे असतील तर लाकडी काडीने काढा. लोखंडी टोकाने तिथे ओरखडा पडला तर तोच गळतीचा रस्ता होतो. मग वर बादली उलटी धरून पाणी क्षणभर सोडा, गाळ बाहेर पडू द्या, पुन्हा बंद करा. मिक्सरच्या कार्ट्रिजच्या खालच्या दोन खुंट्या अंगातल्या भोकांत बसल्या पाहिजेत. हाताने घट्ट करून पान्याने पाव वेढा पुरतो.

कार्ट्रिज धुऊन चालत नाही का?

कधी कधी चालतं. दांडा जड फिरतोय पण बंद केल्यावर थेंब बारीक आहे, तर क्षार हे कारण असू शकतं. कार्ट्रिज अर्धा तास लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवा, धुवा, दांडा वीसेक वेळा उघड-मीट करा, परत धुवा. खालचं काळं किंवा पांढरं रबर चपटं झालेलं असेल तर तेवढंच बदलून मिळतं का विचारा. चकतीवर रेघ दिसत असेल, किंवा फिरवताना आत वाळू असल्यासारखी करकर येत असेल, तर धुण्यात वेळ घालवू नका. सिरॅमिकवरची रेघ भरून येत नाही.

मिक्सर ठिबकतो. गरम बाजू खराब की थंड?

खालचा थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करा आणि पंधरा मिनिटं थांबा. थेंब थांबला तर थंड बाजू गळते. थांबला नाही तर तो उघडा आणि गरम बाजूचा बंद करून बघा. दोन चाकींच्या मिक्सरमध्ये यावरून एकच कार्ट्रिज घ्यायचं की दोन, ते ठरतं. एका दांड्याच्या मिक्सरमध्ये कार्ट्रिज एकच असल्यामुळे ते पूर्णच बदलावं लागतं.

थेंब-थेंब पडून किती पाणी जातं?

अंदाज नको, मोजा. नळाखाली दहा मिनिटं मापाचा ग्लास ठेवा आणि जमलेल्या मिलिलिटरला 144 ने गुणा, म्हणजे दिवसाचा आकडा मिळेल. सेकंदाला एक थेंब पडणाऱ्या नळाखाली दहा मिनिटांत साधारण 150 मिलिलिटर जमतं. त्याचे दिवसाला 21.6 लिटर होतात, म्हणजे मोठी बादली भरून. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात टाकीतलं एवढं पाणी दोन पाळ्यांच्या मधे चार वेळा जातं.

पाणी तोटीतून नाही, चाकीच्या बुडातून येतं. मग?

हा बिघाड वायसर-कार्ट्रिजचा नाही, आणि तो फक्त नळ चालू असताना दिसतो. जुन्या पितळी नळात चाकीखालचा लहान नट पाव वेढा आवळा. तरी थांबलं नाही तर तो नट सोडून, स्पिंडलभोवती टेफ्लॉन टेपचा पिळलेला दोरा दोन-तीन वेढे गुंडाळा आणि नट परत लावा. नव्या नळात तिथे ओ-रिंग असते, ती जुनी नेऊन त्याच मापाची आणा.

नळच बदलायचा कधी?

सीटची कड खोल कापली गेली असेल, नळाच्या अंगावर हिरवट चीर दिसत असेल, स्पिंडलचे आटे घसरत असतील, किंवा त्या मापाचं कार्ट्रिज कुठल्याच दुकानात मिळत नसेल. प्लॅस्टिकच्या नळात स्पिंडल घसरला की दुरुस्तीत हशील नाही, तो बदलून टाका. नवीन घेताना कार्ट्रिज सुटं मिळतं का हे काउंटरवर आधी विचारा आणि दुकानदाराला ते काढून दाखवायला सांगा. बोअरच्या पाण्याच्या मोरीत आणि अंगणात मी अजूनही जाड पितळेचा वायसरचा नळच देतो, कारण रेतीने वायसर गेलं तरी ते पाच-दहा रुपयांत बदलतं. सिंक आणि बेसिनला टाकीचं, गाळून आलेलं पाणी असेल तर कार्ट्रिजचा नळ चांगला चालतो.